कारिवणा, कोलॅजेन आणि साखरेचं शेपूट

आमच्या आजोळच्या विहिरीला पाणी शेंदायची रहाटी होती. तिच्या खाली जी जागा बारमाही ओली राहायची तिथं एक वेल जमिनीला चिकटून पसरलेली असे. नाण्याएवढी गोल पानं, कडेला बारीक कातरे, आणि प्रत्येक गाठीला मुळं सुटलेली. आजी तिला कारिवणा म्हणायची. सीमेपलीकडे गोव्यात तीच एकपानी. काष्ठौषधींच्या दुकानात मागायला गेलात तर पुडीवर बहुधा ‘ब्राह्मी’ लिहिलेलं असतं, आणि इथूनच घोळ सुरू होतो. कारण ब्राह्मी या नावानं आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक ही, गोल पानांची, ग्रंथांतली मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. दुसरी जाडसर, लांबट पानांची नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा. आपण ज्या रेणूबद्दल बोलणार आहोत तो पहिलीत असतो. श्रीलंकेत तिला गोटू कोला म्हणतात. सिंहलीत ‘कोला’ म्हणजे पान. तिथं ती औषधाच्या कपाटात कमी आणि जेवणाच्या ताटात जास्त: खवलेल्या नारळात, कांद्यात कालवलेली पानांची कोशिंबीर, नाहीतर सकाळची हिरवी भाताची पेज. कुळ कोथिंबिरीचं आणि ओव्याचं, त्यामुळे जेवणातली तिची जागा तशी घरचीच.

या वेलीचं नाव आता त्वचेच्या क्रीमवर दिसतं. कोरियन कंपन्यांनी ‘सिका’ या लाडक्या नावानं तिला जगभर नेलं आणि ट्यूबमागे बारीक अक्षरात एक शब्द वाचायला मिळू लागला: एशियाटिकोसाइड. दावा असा की हा पदार्थ त्वचेतल्या पेशींकडून कोलॅजेन जास्त तयार करून घेतो आणि म्हणून जखम लवकर भरते. दावा हवेतला नाही. पण तो जेवढा सरळ सांगितला जातो तेवढा सरळही नाही.

आधी जखमेला काय हवं असतं ते पाहू. बोट कापलं की रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी येऊन घाण आणि जंतू साफ करतात, आणि दोन-तीन दिवसांनी तिथं फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी गोळा होऊ लागतात. या पेशी म्हणजे त्वचेच्या विणकरी. जखमेच्या खड्ड्यात त्या कोलॅजेनचे धागे सोडतात, त्या धाग्यांच्या जाळीतून नव्या केशवाहिन्या शिरतात आणि खड्डा तळापासून वर येऊ लागतो. डॉक्टर ज्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात आणि घरी आपण ‘लाल मांस भरून येतंय’ म्हणतो, ते हेच. मग कडेची कातडी त्यावरून सरकत जाऊन वरचं तोंड बंद करते. खपली पडली की आपण जखम बरी झाली म्हणतो, पण आतलं विणकाम महिनोन्‌महिने चालूच असतं. आधी घाईघाईनं टाकलेले पातळ, तिसऱ्या प्रकारचे धागे काढून त्यांच्या जागी पहिल्या प्रकारचे जाड, मजबूत धागे घातले जातात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची जागा मूळ त्वचेच्या ताकदीच्या जेमतेम तीन टक्के असते, तिसऱ्या आठवड्यात वीस-तीस टक्के, आणि कितीही महिने गेले तरी साधारण ऐंशीच्या पुढे जात नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘वजन उचलू नका’ असं सांगतात त्यामागे हा हिशेब असतो.

कोलॅजेनचा धागा म्हणजे तीन सरांची वेणी. प्रत्येक सरात दर तिसरा मणी ग्लायसिन या अमिनो आम्लाचा, आणि उरलेल्यांत प्रोलिन भरपूर. पण नुसतं प्रोलिन असून भागत नाही. त्यातल्या बऱ्याच मण्यांना पेशी एक छोटी गाठ मारते, म्हणजे प्रोलिनचं हायड्रॉक्सिप्रोलिन करते, आणि त्या गाठींमुळेच वेणी घट्ट राहते. हे काम करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की वेणी सैल होते, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उसवतात. जुन्या खलाशांना होणारा स्कर्व्ही हा आजार मुळात सैल कोलॅजेनचा आजार. हायड्रॉक्सिप्रोलिन शरीरातल्या दुसऱ्या प्रथिनांत फारसं सापडत नाही, म्हणून मांसाच्या तुकड्यात किती कोलॅजेन आहे हे जाणायचं असेल तर प्रयोगशाळेत हायड्रॉक्सिप्रोलिन मोजतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता आपला रेणू. वेलीच्या पानात ट्रायटर्पिन जातीचं एक आम्ल असतं, एशियाटिक आम्ल. तीस कार्बनांचा, पाच कड्या जोडलेला, तेलकट स्वभावाचा, पाण्याशी न जमणारा असा हा गाभा. वनस्पती त्याला तीन साखरांचं शेपूट जोडते, दोन ग्लुकोज आणि एक रॅम्नोज. गाभा अधिक शेपूट म्हणजे एशियाटिकोसाइड. शेपटामुळे त्याला पाण्यात थोडं तोंड बुडवता येतं. रिठ्यातल्या फेसाळ द्रव्यांच्याच, सॅपोनिनांच्या जातीचं हे द्रव्य. रेणुभार सुमारे ९५९, म्हणजे रेणूंच्या मानानं चांगलाच दांडगा. वनस्पती हे आपल्या जखमांसाठी करत नाही हे सांगायला नकोच. अशी द्रव्यं ती बहुधा कीड आणि बुरशी यांना दूर ठेवण्यासाठी बनवते.

पानातून हा पदार्थ शुद्ध रूपात पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो १९४१ मध्ये, बोंतेम या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडून. त्या काळी लक्ष होतं मादागास्करकडे आणि कुष्ठरोगाकडे. तिथं पिएर ब्वातो आणि आल्बेर राकोतो रात्सिमामांगा हे दोघं या द्रव्यावर काम करत होते. एशियाटिकोसाइड कुष्ठजंतूचं मेणचट आवरण विरघळवतं, असा त्यांचा अंदाज होता. पुढे सल्फोन औषधं आली, कुष्ठरोगावर खरा उपाय सापडला आणि ती कल्पना मागे पडली. पण एक निरीक्षण उरलं: वर्षानुवर्षं न भरणारी क्षतं या औषधानं भरत होती. १९५६ मध्ये त्या दोघांनी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच हट्टी जखमा आधी आणि कुष्ठरोग नंतर येतो. (हे रात्सिमामांगा पुढे स्वतंत्र मादागास्करचे फ्रान्समधले राजदूत झाले. औषधी वनस्पतींच्या अभ्यासकाला राजदूत करणारा देश मला तरी दुसरा माहीत नाही.) त्यातून युरोपात एक औषध रूढ झालं. त्यात पानाचा कच्चा अर्क नव्हता, तर मोजून केलेलं मिश्रण होतं: सुमारे चाळीस टक्के एशियाटिकोसाइड आणि उरलेल्या साठांत एशियाटिक आम्ल व त्याचं भावंड मादेकासिक आम्ल. दशकानुदशकं ते जखमांवर वापरलं जात होतं, पण ते नेमकं करतं काय, हे कुणी पेशीच्या पातळीवर नीट विचारलं नव्हतं.

ते विचारलं फ्रान्समधल्या रँस शहरातल्या माकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० मध्ये. त्यांनी माणसाच्या कातडीतले फायब्रोब्लास्ट काचेच्या बशीत वाढवले आणि त्यांना हे मिश्रण दिलं. मात्रा वाढवावी तसं कोलॅजेन वाढत गेलं. इथपर्यंत सगळं जाहिरातीला शोभणारं. पण मग त्यांनी मिश्रणातली तिन्ही द्रव्यं सुटी करून एकेक दिली, आणि उत्तर अडचणीचं आलं. कोलॅजेनची निर्मिती वाढवली ती फक्त एशियाटिक आम्लानं, म्हणजे शेपूट नसलेल्या गाभ्यानं. ज्याच्या नावावर कीर्ती होती त्या एशियाटिकोसाइडनं या प्रयोगात निर्मिती वाढवलीच नाही.

आणखी एक बारकावा त्या निबंधात आहे, आणि अशा प्रयोगात कुठे फसायला होतं ते त्यातून छान दिसतं. नवं कोलॅजेन किती झालं हे मोजायला किरणोत्सारी खूण केलेला कच्चा माल पेशींना पुरवतात आणि तयार धाग्यात ती खूण किती उतरली ते पाहतात. लाल रंगाचं सूत मागावर दिलं आणि कापड किती लाल झालं यावरून विणकाम मोजलं, तसं. पण या द्रव्यांमुळे पेशीतला मोकळ्या प्रोलिनचा साठाच वाढला. म्हणजे मागाजवळ बिनरंगी सुताचाही ढीग पडला. मग तेवढंच कापड विणलं तरी लाली कमी दिसणार. हे लक्षात न घेता आकडे वाचले असते तर परिणाम खऱ्यापेक्षा कमी वाटला असता. गंमत म्हणजे हा साठा तिन्ही द्रव्यांनी वाढवला, निर्मिती मात्र एकानंच. म्हणजे ‘कच्चा माल वाढला म्हणून माल वाढला’ इतकं सोपं हे प्रकरण नव्हतं.

चार वर्षांनी, १९९४ मध्ये, बोंते यांच्या चमूनं पहिल्या प्रकारचं कोलॅजेन मोजून पुन्हा तपासलं. या वेळी तिन्ही द्रव्यांनी ते वाढवलं, एशियाटिकोसाइडनंसुद्धा. बशीत क जीवनसत्त्व घातलं की पातळी आणखी वर गेली, जे वेणीच्या गाठींचा विचार करता अपेक्षितच होतं. पण त्यांनीही निष्कर्ष काढला तो असा की या कामाला साखरेचं शेपूट लागत असावं असं दिसत नाही. दोन प्रयोगांचं काही बाबतींत जमत नाही, शेपटाबाबत जमतं. माझं मत विचाराल तर या सगळ्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि ते कुठल्याच ट्यूबवर नसतं. पोटातून घेतल्यावरही घडतं ते तसंच: आतड्यात शेपूट तुटतं आणि रक्तात पोचतं ते मुख्यतः एशियाटिक आम्ल. एशियाटिकोसाइड हा बराचसा टपालाचा लखोटा आहे. पत्र आत आहे.

बशीतल्या पेशी ही एक गोष्ट, आणि रक्त, जंतू, हालचाल असलेली खरी जखम ही दुसरी. त्या बाबतीत सर्वांत जास्त उल्लेखलं जाणारं काम आपल्याच देशातलं आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या शुक्ला, रसिक, धवन आदींनी ते १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी गिनी पिगच्या कातडीत पंचनं ठराविक मापाच्या गोल जखमा केल्या. पंच म्हणजे कागदाला भोक पाडतो तसलंच पण धारदार, गोल हत्यार. त्यामुळे प्रत्येक जखम सारख्या आकाराची होते आणि तुलना करता येते. त्यावर शुद्ध एशियाटिकोसाइडचं ०.२ टक्क्यांचं द्रावण लावलं. ०.२ टक्के म्हणजे एका मिलीलिटरात दोन मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाच्याही कितीतरी खाली. मग जखमेतलं मांस काढून त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजलं, आणि जखमेची जागा दोन्हीकडून ओढून ती किती ताणाला फाटते तेही पाहिलं. औषध न लावलेल्या जखमांच्या तुलनेत हायड्रॉक्सिप्रोलिन ५६ टक्क्यांनी जास्त निघालं आणि ताण सहन करण्याची ताकद ५७ टक्क्यांनी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत, कारण त्यांचं जवळजवळ सारखं असणं बोलकं आहे. नुसतं हायड्रॉक्सिप्रोलिन वाढलं असतं तर धागा जास्त पडला एवढंच कळलं असतं; तो अस्ताव्यस्त पडला की नीट गुंफला गेला, ते नसतं कळलं. ताकदही त्याच प्रमाणात वाढली, म्हणजे पडलेला धागा उपयोगाचा होता. मधुमेह हा जखमांचा मोठा वैरी, म्हणून त्यांनी औषधानं मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांवरही पाहिलं. तिथं द्रावण दुप्पट, ०.४ टक्के, घ्यावं लागलं, पण परिणामाची दिशा तीच राहिली. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर हे द्रव्य ठेवलं तर तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, हेही त्याच कामात आहे. आणि जखमेत विणकऱ्यांना रसद पोचवायला त्या वाहिन्या लागतातच.

त्याच वर्षी, त्याच चमूच्या आणखी एका निबंधात रोज दोनदा ०.२ टक्के द्रावण लावलेल्या उंदरांच्या जखमा सातव्या आणि चौदाव्या दिवशी तपासल्या होत्या. सातव्या दिवशी जखमेतली रक्षक द्रव्यं, म्हणजे ई आणि क जीवनसत्त्वं, ग्लुटाथायोनशी संबंधित विकरं, ही सगळी स्पष्ट वाढलेली होती. चौदाव्या दिवशी औषध लावलेल्या आणि न लावलेल्या जखमांत याबाबतीत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मला हा निकाल आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. औषधाचा हा परिणाम सुरुवातीच्या दिवसांतला आहे. जखम आधी उभी राहायला मदत होते, पुढची वाट ती तशीही चालतेच. ‘जखम लवकर भरते’ आणि ‘जखम जास्त चांगली भरते’ हे दोन वेगळे दावे आहेत, आणि जाहिरात ते गुंडाळून एकच करते.

पण हा रेणू पेशीला निरोप देतो कसा? त्वचेत कोलॅजेन वाढवण्याचा नेहमीचा हुकूम टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाकडून येतो. जखम झाली की ते सुटतं, फायब्रोब्लास्टच्या दारावरच्या ग्राहीला जाऊन चिकटतं, आणि ती ग्राही आतल्या स्मॅड नावाच्या जासुदांच्या अंगावर फॉस्फेटची मोहोर उठवते. मोहोर उठलेले स्मॅड-२ आणि स्मॅड-३ चौथ्या स्मॅडला सोबत घेऊन पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि कोलॅजेनची जनुकं चालू करतात. कोरियातल्या एका गटानं २००६ मध्ये दाखवलं की एशियाटिकोसाइड दिल्यावरही स्मॅडवर मोहोर उठते आणि पहिल्या प्रकारचं कोलॅजेन वाढतं. मग त्यांनी चलाखीची परीक्षा घेतली. दारावरच्या ग्राहीचा हात बांधून टाकणारं एक रसायन असतं. ते घालून पुन्हा पाहिलं. हे द्रव्य जर नेहमीच्या दारानंच येत असेल तर आता मोहोर उठायला नको होती. ती उठली. म्हणजे जासूद तेच, पण दार निराळं.

या टप्प्यावर ‘मग शंका कशाची’ असं वाटेल. शंका अशी की टीजीएफ-बीटा आणि स्मॅड यांचा अतिरेक हाही एक आजार आहे. काहीजणांना कान टोचल्याच्या, लसीच्या किंवा मुरमाच्या जागी फुगलेला, खाजणारा, मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरणारा वण होतो. त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या त्वचेच्या लोकांत, म्हणजे आपल्यात, तो गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतो. तिथं फायब्रोब्लास्ट थांबायचं नावच घेत नाहीत. कोलॅजेन वाढवणारं द्रव्य अशा जागी लावणं म्हणजे आगीत तेल व्हायला हवं. चीनमधल्या संशोधकांनी केलॉइडमधून काढलेल्या फायब्रोब्लास्टना एशियाटिकोसाइड देऊन पाहिलं आणि २०११ मध्ये निकाल छापला: कोलॅजेन कमी झालं. दारावरच्या ग्राही घटल्या, आणि या साखळीला लगाम घालणारा स्मॅड-७ वाढला.

तेच द्रव्य साध्या पेशीत स्मॅडला पुढे ढकलतं आणि केलॉइडच्या पेशीत मागे ओढतं. हे वाचून कुणी ‘पाहा, आयुर्वेदाचं द्रव्य शहाणं असतं, कुठे काय हवं ते त्याला कळतं’ असं म्हणेल, आणि म्हटलेलं मी ऐकलंही आहे. मला त्याहून साधं स्पष्टीकरण पटतं. दोन्ही ठिकाणच्या पेशींची मूळ अवस्था वेगळी आहे, आणि दोन प्रयोगांत दिलेल्या मात्राही एक नाहीत. पण एवढं नक्की की ‘एशियाटिकोसाइड कोलॅजेन वाढवतं’ हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या पेशीत, किती मात्रेत, जखमेच्या कुठल्या दिवशी, हे जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. २०१० मध्ये थायलंडमध्ये पायाला जखमा असलेल्या दोनशे मधुमेही रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना रोज तीनदा जेवणानंतर दोन-दोन कॅप्सूल, प्रत्येकीत पन्नास मिलिग्रॅम एशियाटिकोसाइड; उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषधाविना कॅप्सूल. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी जखमा तपासल्या. औषध घेणाऱ्यांच्या जखमा जास्त आकसल्या, आणि गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. ही बातमी चांगली आहे. पण तिथं डोळ्यांसमोर होता जखमेचा आकार. फायब्रोब्लास्टनी कोलॅजेन जास्त विणलं म्हणूनच तो कमी झाला, की सूज उतरली म्हणून, की रक्तपुरवठा सुधारला म्हणून, हे आकारावरून सांगता येत नाही. बशीतल्या पेशीपासून रुग्णाच्या पायापर्यंतची साखळी मधल्या काही कड्यांवर अजून अनुमानानंच जोडलेली आहे. म्हणूनच जाणकार ‘असं सुचवलं जातं’ अशी भाषा वापरतात.

त्या मात्रेचा एक घरगुती हिशेब करून पाहू. दिवसाला सहा कॅप्सूल म्हणजे तीनशे मिलिग्रॅम. समजा एखाद्या वेलीच्या वाळलेल्या पानात शेकडा एक भाग एशियाटिकोसाइड आहे. मग तीनशे मिलिग्रॅमसाठी तीस ग्रॅम सुकी पानं लागतील. ओलं पान वाळून सातवा-आठवा हिस्सा उरतं असं धरलं, तर रोज दोनशे ग्रॅमच्या वर ताजी पानं खावी लागतील. गोटू कोलाच्या चटणीतून मिळणारं एशियाटिकोसाइड आणि चाचणीतलं एशियाटिकोसाइड यांत केवढं अंतर आहे ते यावरून दिसेल. शिवाय तो ‘शेकडा एक’ गृहीत धरलेला आहे. वेल कुठली, सावलीतली की उन्हातली, कधी खुडली, कशी वाळवली यावर प्रमाण बरंच खालीवर होतं. म्हणूनच युरोपच्या औषधकोशानं या वनस्पतीसाठी किमान मर्यादा घालून दिली आहे: एकूण ट्रायटर्पिनं, एशियाटिकोसाइडच्या हिशेबानं, सहा टक्क्यांपेक्षा कमी नकोत. आपल्या पुडीवर असा आकडा मला तरी क्वचितच दिसला आहे.

आणि क्रीमचं? धडधाकट त्वचेचा वरचा थर साधारण पाचशेच्या वर रेणुभार असलेल्या द्रव्यांना सहजी आत येऊ देत नाही, असा औषधनिर्मितीतला ठोकताळा आहे. एशियाटिकोसाइड ९५९. शेपूट काढलेलं एशियाटिक आम्ल ४८९, म्हणजे उंबरठ्यावर. उघड्या जखमेत हा पहारेकरी नसतोच, म्हणून लखनौच्या गिनी पिगमध्ये द्रावण सरळ फायब्रोब्लास्टपर्यंत पोचलं. सुरकुत्या घालवायला गालावर चोपडलेल्या क्रीमला ती सोय नाही. तिथं आतपर्यंत किती पोचतं हे क्रीमच्या घडणीवर अवलंबून, आणि ती घडण कंपनी सांगत नाही.

धोक्यांचं थोडक्यात सांगतो. काहींना हे अर्क लावून कातडीवर पुरळ येतं, लाली येते; तसं झालं तर ट्यूब बाजूला ठेवावी. पोटात घेण्याबाबत २००५ मध्ये तीन स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. त्यांनी काही आठवडे या वेलीचं औषध घेतलं होतं, आणि ते थांबवल्यावर त्या सुधारल्या. दुर्मीळ गोष्ट, पण यकृताचा आजार असलेल्यानं ती दुर्मीळ समजू नये. विहिरीजवळची, गटाराकडेची वेल खुडून, वाटून उघड्या जखमेवर थापणं तर मुळीच नको. ती जमिनीला चिकटून वाढते, गाठीगाठीला माती धरते, आणि ओल्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. माझ्या आजीनं माझ्या गुडघ्यावर तीच पानं बांधली होती आणि मला काही झालं नाही. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मधुमेह असेल आणि पायाची जखम दोन आठवड्यांत आकसत नसेल तर क्रीम किंवा कॅप्सूल शोधत बसू नका. रक्तातली साखर, पायाचा रक्तपुरवठा आणि जखमेतला जंतुसंसर्ग या तीन गोष्टी आधी शल्यचिकित्सकाकडून तपासून घ्या. आणि औषध म्हणून ही वेल घ्यायचीच असेल तर दुकानदाराला पहिलं विचारा, पुडीत गोल पानाची ब्राह्मी आहे की लांबट पानाची.